स्कूटर लपवायची, पुसायची नाही

कोकणातल्या एका होमस्टेच्या जाहिरातपत्रकासाठी काढलेला फोटो आहे, असं समजा. जांभ्या दगडाचं अंगण, मधोमध तुळशीवृंदावन आणि दारात हसत उभ्या असलेल्या मालकीणबाई. सगळं छान जमलंय, फक्त वृंदावनाला अर्धवट झाकून एक स्कूटर उभी आहे. छायाचित्रकाराने ती बाजूला घ्यायला लावून दुसरा फोटो काढला. पण तोवर बाई आत गेल्या होत्या आणि उन्हावर ढग आला होता. पहिल्या फोटोतल्या बाई आणि दुसऱ्या फोटोतलं मोकळं अंगण एकत्र आणायचं, हे फोटोशॉपचं रोजचं काम.

दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये दोन लेअर म्हणून घ्यायचे. खाली मोकळं अंगण, वर स्कूटरवाला फोटो. आता वरच्या लेअरवर इरेझर फिरवला तर स्कूटर जाईल आणि खालचं अंगण दिसेल. मात्र तिथले पिक्सेल कायमचे गेले. अनडू आहे, पण त्याची साखळी फाइल बंद केली की तुटते. चार दिवसांनी कोणी ‘गाडी परत आणा’ म्हटलं, तर मूळ फोटो शोधून सगळं काम पुन्हा करावं लागतं.

लेअर मास्क इथे उपयोगी पडतो. मास्क म्हणजे लेअरला जोडलेलं दुसरं, काळं-पांढरं चित्र, आकाराने फोटोएवढंच. मास्कवर जिथे पांढरा रंग असेल तिथे लेअर दिसतो, काळा असेल तिथे लपतो आणि करडा असेल तिथे अर्धपारदर्शक होतो. नेहमीच्या ८ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मिळतात. फोटोच्या पिक्सेलना यात हातही लागत नाही. कुठलं दाखवायचं आणि कुठलं झाकायचं, एवढंच मास्क नोंदवून ठेवतो आणि ती नोंद हवी तेव्हा बदलता येते.

मास्क लावण्याआधी दोन कामं उरकून घ्यावीत. फोटो हातात कॅमेरा धरून काढले असतील तर ते तंतोतंत जुळणार नाहीत. म्हणून दोन्ही लेअर निवडून एडिट मेनूतलं Auto-Align Layers चालवायचं. त्यानंतर कडा वेड्यावाकड्या दिसतात. त्या क्रॉप करताना Delete Cropped Pixels समोरची खूण काढावी, म्हणजे कापलेला भागही शाबूत राहतो. दुसरं काम उजेडाचं. ढगामुळे खालचं अंगण काळवंडलंय. दोन लेअरच्या मध्ये कर्व्हज अॅडजस्टमेंट लेअर ठेवला की त्याचा परिणाम फक्त खालच्या फोटोवर होतो, आणि अंगणाचा तांबूस रंग वरच्या फोटोशी मिळवता येतो.

आता वरचा लेअर निवडून पॅनेलच्या तळाशी असलेलं, चौकटीत गोल असलेलं बटण दाबायचं. लेअरच्या छोट्या चित्राशेजारी पांढरी चौकट उमटते, तो मास्क. पूर्ण पांढरा असल्यामुळे फोटोत अजून काहीच बदललेलं नसतं. त्या चौकटीवर क्लिक करून काळा ब्रश घ्यायचा आणि स्कूटरवर फिरवायचा. ब्रश फिरेल तसतशी स्कूटर नाहीशी होऊन अंगण दिसू लागतं. रंगवल्यावर फोटोतच काळे डाग पडले, तर निवड मास्कची नसून फोटोची आहे, असं समजावं आणि लगेच अनडू करावं. कोणत्या छोट्या चित्राभोवती निवडीची खूण आहे, हे आधी बघायची सवय लावलेली बरी.

ब्रशची कड कशी ठेवायची, हे जागेवर ठरतं. जांभ्याच्या खडबडीत अंगणावर मऊ कडेचा ब्रश चालतो, सांधा कुठे ते कळत नाही. वृंदावनाची चुनेवाली कड मात्र धारदार आहे. तिथे मऊ ब्रश वापरला तर कडेभोवती धुरकट पट्टा दिसतो, म्हणून तिथे कठीण कडेचा, बारीक ब्रश घ्यावा. हात चुकून वृंदावनावर गेला तरी बिघडत नाही. X ही कळ दाबली की काळ्याच्या जागी पांढरा रंग येतो आणि त्याने रंगवलं की गेलेला भाग परत दिसतो.

नवशिक्या माणसाची स्कूटर जाते, पण तिची सावली मागे राहते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. सावलीही मास्कमध्ये घ्यावी लागते. शिवाय काळ्या रंगात काही ठिपके सुटलेले असतात आणि तिथे स्कूटरचा पुसट भास उरतो. ते पकडायला Alt दाबून मास्कच्या चौकटीवर क्लिक करायचं (मॅकवर Option). पडद्यावर नुसता काळा-पांढरा मास्क दिसतो आणि सुटलेले पांढरे ठिपके लगेच नजरेत येतात.

समजा, आठवड्याने मालकीणबाईंचा निरोप आला : ‘गाडी राहू द्या हो, पार्किंग आहे ते तरी कळेल. तेवढी हँडलची पिशवी नको.’ Shift दाबून मास्कवर क्लिक केलं की त्यावर लाल फुली येते, मास्क तात्पुरता बंद होतो आणि स्कूटर होती तशी दिसते. पण इथे पिशवी झाकायची आहे, म्हणून मास्क चालूच ठेवून स्कूटर आणि तिची सावली पांढऱ्याने रंगवायची, पिशवीवर काळा राहू द्यायचा.

इथेच मास्कची मर्यादा कळते. पिशवीचा जो भाग अंगणासमोर लोंबतोय तो नीट झाकला जाईल. स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर आलेला भाग झाकला, तर पत्र्याला भोक पडून त्यातून अंगण दिसेल. मास्क खालच्या लेअरवर जे आहे तेच दाखवतो, नवं काही तयार करत नाही. पिशवीमागचा पत्रा दोन्ही फोटोंत नाही. तो बनवावा लागेल. सगळ्यात वर एक रिकामा लेअर घ्यायचा, क्लोन स्टँप टूलमध्ये Sample समोर All Layers निवडायचं आणि शेजारच्या पत्र्याचा रंग तिथे उतरवायचा. ही डागडुजीही वेगळ्या लेअरवर असल्यामुळे डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून कधीही बंद करता येते.

हे सगळं टिकतं ते फाइल PSD किंवा लेअरसह TIFF म्हणून जपली तरच. JPEG मध्ये सगळे लेअर एक होतात आणि मास्क उरत नाही. Flatten Image किंवा Apply Layer Mask या आज्ञांनीही झाकलेले पिक्सेल खरोखरच जातात. मास्क कचऱ्याच्या डब्यावर ओढला की फोटोशॉप विचारतं : Apply की Delete? Apply म्हटलं तर झाकलेलं कायमचं गेलं, Delete म्हटलं तर फक्त मास्क गेला आणि झाकलेलं सगळं परत आलं.

याच गुणाची दुसरी बाजूही ध्यानात असावी. स्कूटरचा नंबर, कोणाचा चेहरा किंवा कागदावरचा पत्ता मास्कने झाकून तीच PSD कोणाला पाठवली, तर ती उघडणारा माणूस एका क्लिकमध्ये ते वाचू शकतो. म्हणून PSD आपल्या संगणकावर ठेवावी आणि बाहेर द्यायची ती JPEG.