सही झाली म्हणून वाढ थांबत नाही

प्रकल्प व्यवस्थापनाच्या असाइनमेंट तपासताना एक वाक्य इतक्या उत्तरांत भेटतं की ते कुठे येणार हे आता आधीच कळतं: ‘स्कोप व्हॅलिडेशन नीट केलं तर स्कोप क्रीप होत नाही.’ लिहिणाऱ्याने व्याख्या पाठ केलेल्या असतात आणि त्या सुट्यासुट्या बरोबरही असतात. पण हे वाक्य चूक आहे. ते का चूक आहे हे ज्याला कळलं, त्याला स्कोप क्रीप, गोल्ड प्लेटिंग, व्हॅलिडेट स्कोप आणि कंट्रोल स्कोप या चारही गोष्टी कळल्या असं मी मानतो. म्हणून या विषयावर प्रश्न काढताना मी व्याख्या विचारत नाही, एक प्रसंग देतो.

प्रसंग असा. एका पतसंस्थेला पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांसाठी मोबाइल ॲप करून हवं आहे. ठरलेलं काम तीन भागांचं: एजंटाचं लॉगिन, खातेदाराने दिलेल्या रकमेची नोंद आणि त्याला एसएमएसने पावती, आणि संध्याकाळी शाखेत भरणा करताना लागणारा दिवसाचा तक्ता. मुदत 14 आठवडे, खर्च 9 लाख रुपये. कर्जाचे हप्ते या ॲपमधून गोळा होणार नाहीत, हे स्कोप स्टेटमेंटमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. काम सुरू झाल्यावर तीन गोष्टी घडतात.

चौथ्या आठवड्यात शाखाधिकारी थेट प्रोग्रामरला फोन करतात. ‘पावतीत खात्याची शिल्लक पण दिसू द्या की.’ अर्ध्या दिवसाचं काम, तो करून टाकतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन: खातेदारांची यादी गल्लीनुसार लागली तर एजंटाचा फेरा सोपा होईल. मग सुट्टीच्या आदल्या दिवशी आठवणीचा एसएमएस. काहीच लेखी नाही, मुदत आणि पैसे होते तेवढेच. नवव्या आठवड्यापर्यंत कामाचे दहाएक दिवस यात गेलेले असतात आणि चाचणी उशिरा सुरू होते.

दुसरी गोष्ट. टीममधला एक हुशार मुलगा तीन दिवस खर्चून महिन्याच्या वसुलीचा रंगीत आलेख बनवतो. तो कुणीच मागितलेला नसतो. एजंटांना आवडेल, असं त्याला मनापासून वाटलेलं असतं.

तिसरी. सातव्या आठवड्यात संचालक मंडळ ठरवतं की कर्जाचे हप्तेही याच ॲपमधून घ्यायचे. लेखी मागणी येते. टीम अंदाज काढते: तीन आठवडे जास्त, 1,80,000 रुपये जास्त. चेंज रिक्वेस्ट मंजूर होते, डब्ल्यूबीएसमध्ये नवी कामं येतात, मुदत 17 आठवडे आणि खर्च 10,80,000 रुपये होतो.

यातलं स्कोप क्रीप कोणतं? बहुतेक उत्तरं तिसऱ्यावर बोट ठेवतात, कारण तिथली वाढ सगळ्यात मोठी दिसते. पण ती स्कोप क्रीप नाहीच. पीएमआयच्या पीएमबोक गाइडनुसार स्कोप क्रीप म्हणजे वेळ, खर्च आणि साधनसामग्री यांत बदल न करता, नियंत्रणाबाहेर झालेली कामाची वाढ. तिसऱ्या प्रसंगात मागणी नोंदली गेली, तिची किंमत काढली गेली, ज्याला अधिकार होता त्याने ती मंजूर केली आणि बेसलाइन बदलली. कितीही मोठा असला तरी हा रीतसर बदल आहे. उलट, अर्ध्या दिवसाचं शिल्लक दाखवण्याचं काम स्कोप क्रीप आहे, कारण ते या वाटेवरून आलंच नाही. वाढीचा आकार बघायचा नसतो, ती कोणत्या दाराने आत आली ते बघायचं असतं. एवढं एक वाक्य उत्तरात आलं तरी पुढचं उत्तर बहुधा बरोबरच जातं.

दाखले देताना डेन्व्हर विमानतळाची स्वयंचलित सामान-वाहतूक यंत्रणा हमखास येते, तिथेही हे बारकाईने बघायला हवं. 1992 साली ती सगळ्या विमानतळासाठी करायचं ठरलं ते तोंडी नव्हे, रीतसर कराराने. पण ऑक्टोबर 1993 ही विमानतळ उघडण्याची तारीख तशीच ठेवली गेली. विमानतळ उघडला 28 फेब्रुवारी 1995 रोजी. म्हणजे कागद झाला, काम वाढलं, वेळ मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. ‘मंजुरी होती म्हणून क्रीप नाही’ असं डोळे मिटून लिहिणाऱ्यांनी हा दाखला जरूर तपासावा. मंजुरीत वेळ आणि पैशाचा हिशेब धरलेला नसेल, तर बदल अर्धाच मंजूर झालेला असतो.

आता आलेख. तो गोल्ड प्लेटिंग. चेंज कंट्रोलला बगल इथेही दिली गेली, फरक एवढाच की वाढ ग्राहकाकडून न येता टीमच्या आतून आली. टीमने आपणहून केलेली वाढही स्कोप क्रीपचाच एक प्रकार मानणारे अभ्यासक आहेत. विद्यार्थ्याने ती बाजू कारण देऊन मांडली तर मी गुण कापत नाही. कापतो ते ‘गोल्ड प्लेटिंग म्हणजे ग्राहकाला दिलेली जादा गुणवत्ता, म्हणून ती चांगली’ असं लिहिल्यावर. त्या आलेखाचं पुढे काय होतं ते बघा. तो तपासायला वेळ लागतो, आणि तो वेळ पावतीच्या चाचणीतून जातो. एजंटांच्या जुन्या फोनवर त्यामुळे ॲप अडकतं. सहा महिन्यांनी आलेखात चुकीचा आकडा दिसला तर पतसंस्था दुरुस्ती मागणारच, कारण तिच्या दृष्टीने तो ॲपचा भाग आहे. करारात तो कुठेच नाही, म्हणून दुरुस्तीचा खर्च टीमच्या अंगावर येतो. न मागितलेल्या गोष्टीची जबाबदारी कायमची गळ्यात पडते, हे मुलाच्या चांगल्या हेतूने बदलत नाही.

आता पहिल्या वाक्याकडे. व्हॅलिडेट स्कोप आणि कंट्रोल स्कोप या दोन्ही प्रक्रिया पीएमबोकच्या सहाव्या आवृत्तीत, 2017 मध्ये, देखरेख आणि नियंत्रण या एकाच गटात बसतात, त्यामुळे त्या जुळ्या वाटतात. आमच्या ॲपमध्ये त्या कशा चालतील ते पाहू.

सहाव्या आठवड्याअखेर पावतीचा भाग तयार झाला. आधी टीममधली तपासनीस तो तपासते: रक्कम बरोबर उमटते का, एसएमएस जातो का. हे क्वालिटी कंट्रोल, आणि इथून बाहेर पडतं ते पडताळलेलं डिलिव्हरेबल. मग शाखाधिकारी आणि दोन एजंट तो फोन हातात घेऊन बसतात. स्वीकाराचा एक निकष आधीच लिहिलेला असतो: सिग्नल नसताना केलेली नोंद फोनमध्ये राहावी आणि सिग्नल आल्यावर आपोआप जावी. एजंट फोन फ्लाइट मोडवर टाकतो, पन्नास रुपयांची नोंद करतो, पुन्हा नेटवर्क चालू करतो, नोंद शाखेच्या पडद्यावर येते. शाखाधिकारी सही करतात. हे व्हॅलिडेट स्कोप, आणि यातून बाहेर पडतं स्वीकारलेलं डिलिव्हरेबल. जुन्या नोट्समध्ये याचंच नाव व्हेरिफाय स्कोप आहे, 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ते बदललं. जुन्या नोट्सवरून लिहिणारे म्हणूनच तपासनिसाचं काम आणि शाखाधिकाऱ्यांची सही एकाच खात्यात टाकतात.

कंट्रोल स्कोपमध्ये ग्राहक समोर नसतो आणि तयार वस्तूची वाटही बघायची नसते. दर सोमवारी प्रकल्प व्यवस्थापक मंजूर स्कोप स्टेटमेंट, डब्ल्यूबीएस आणि त्याची डिक्शनरी, म्हणजेच स्कोप बेसलाइन, समोर घेऊन बसते आणि चालू काम त्याला ताडून बघते. तिला दिसतं की गेल्या आठवड्याच्या टाइमशीटमध्ये ‘यादी – गल्लीनुसार’ या नावाखाली दोन दिवस लागले आहेत आणि डब्ल्यूबीएसमध्ये असं कामच नाही. क्रीप ओळखायची याहून साधी खूण मला माहीत नाही: ज्या तासांना वर्क पॅकेज सापडत नाही ते तास. इथे दोन रस्ते असतात. चेंज रिक्वेस्ट लिहून घ्यायची, किंवा काम थांबवायचं. तिसरा, म्हणजे ‘झालंय तर राहू द्या’, हा बहुतेक प्रकल्पांत निवडला जातो आणि तिथेच वाढ पक्की होते.

आता गल्लीनुसार लावलेली यादी व्हॅलिडेशनच्या बैठकीत ठेवून बघा. शाखाधिकारी ती नाकारतील का? फोन करून त्यांनीच ती मागितली होती. ते आनंदाने सही करतील. आलेखही त्यांना आवडेल. व्हॅलिडेशनचा प्रश्न असतो, ‘ठरलेलं मिळालं का आणि ते तुम्हाला मान्य आहे का?’ ठरलेल्यापेक्षा जास्त का झालं, त्याचा वेळ कुठून आला, हे विचारायची ती जागा नाही. स्वीकार झाला म्हणून ते काम मागच्या तारखेने बेसलाइनमध्ये जात नाही, आणि गेलेले दहा दिवसही परत येत नाहीत. वाढ पकडायची असेल तर ती कंट्रोल स्कोपमध्येच, काम चालू असताना, पकडावी लागते.

चेंज रिक्वेस्ट मात्र दोन्ही प्रक्रियांतून निघू शकते आणि चांगली उत्तरंही इथे घसरतात. समजा, त्याच बैठकीत शाखाधिकारी दोन हरकती घेतात. एक, नेटवर्क परत आल्यावर नोंद दोनदा जाते. दोन, लॉगिन अंगठ्याच्या ठशाने हवं. पहिल्या हरकतीत ठरलेला निकष पुरा झालेला नाही. डिलिव्हरेबल स्वीकारलं जात नाही, कारण नोंदवलं जातं आणि दोष दुरुस्तीसाठी चेंज रिक्वेस्ट निघते. स्कोप आहे तेवढाच राहतो. दुसरी हरकत म्हणजे नवी मागणी आहे. पासवर्डचं लॉगिन निकषाप्रमाणे चालत असेल तर ते नाकारायला ती पुरेशी नाही. तिची वेगळी चेंज रिक्वेस्ट होते, तिला वेळ आणि पैसे लागतात, आणि मंजुरीनंतरच ती बेसलाइनमध्ये येते. दोन्ही हरकतींना ‘ग्राहकाने काम नाकारलं’ म्हणणाऱ्या उत्तराला मी निम्मे गुण देतो. त्या दोन वेगळ्या करून, दुसरी मंजूर होईपर्यंत प्रोग्रामरने तिला हात लावायचा नाही असं ज्याने लिहिलं, त्याला पूर्ण.