जुना गेम, नवा दुभाष्या : डीएक्सव्हीके

काम काय? २००८ साली पीसीवर आलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टथ्रीडी ९ या जुन्या पद्धतीने बोलतो. डीएक्सव्हीके मध्ये बसून त्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलून देते. त्यामुळे बऱ्याच संगणकांवर खेळ कमी अडखळतो.

कसे बसवायचे? हा गेम ३२-बिट आहे. म्हणून डीएक्सव्हीकेच्या `x32` फोल्डरमधली `d3d9.dll` ही फाइल `GTAIV.exe` शेजारी ठेवायची. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरला हात लावायचा नाही. नको वाटल्यास फाइल काढून टाकली की सगळे पूर्ववत.

चालू आहे का? गेम एकदा सुरू करून बंद करा. `GTAIV_d3d9.log` ही फाइल तयार झालेली दिसली, तर दुभाष्या कामाला लागला आहे. ती नसेल, तर बहुधा `x64` मधली फाइल तरी आली आहे किंवा फोल्डर तरी चुकला आहे.

वेग आवरा : शेवटच्या मोहिमेत हेलिकॉप्टरला लटकून वर चढायचे असते. फ्रेमचा वेग जास्त असला, तर कितीही बटण बडवले तरी नायक वर चढत नाही. अशा वेळी त्याच फोल्डरमध्ये `dxvk.conf` फाइल करून ही ओळ लिहा :

```
d3d9.maxFrameRate = 30
```

मर्यादा : डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते, जुन्या कार्डांसाठी १.१०.३ वापरून पाहावी. ऑनलाइन खेळात मात्र जपून, कारण फसवणूक रोखणारी यंत्रणा अशी परकी फाइल पाहून खाते बंद करू शकते.