रेंडरआधीचा होकार : अ‍ॅनिमेशनच्या कोटेशन-मेलमध्ये काय असावे

प्रॉडक्ट अ‍ॅनिमेशन म्हणजे एखादी वस्तू कॅमेऱ्याने न टिपता संगणकावर तिचे त्रिमितीय मॉडेल उभे करून दाखवणारी छोटी चित्रफीत. पंप, मिक्सर, झडप, वैद्यकीय उपकरण अशा वस्तूंचे आतले काम उघडून दाखवायचे असते तेव्हा ती विशेष उपयोगी पडते, कारण चालू पंपाच्या पोटात कॅमेरा जात नाही. असे काम बहुधा एकटा फ्रीलान्सर करतो आणि त्याची सुरुवात एका ई-मेलने होते. त्यात किती दिवस लागतील, किती वेळा बदल करून मिळतील आणि पैसे किती, हे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला हे तीन वेगळे मुद्दे वाटतात. प्रत्यक्षात तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी बसते, ती म्हणजे रेंडर सुरू होण्याचा क्षण.

रेंडर म्हणजे संगणकाने प्रत्येक चित्र हिशेब करून रंगवणे. ३० सेकंदांची फीत सेकंदाला २५ चित्रांच्या वेगाने चालत असेल, तर ७५० चित्रे म्हणजे फ्रेम लागतात. धातूची चमक, सावल्या आणि प्रतिबिंबे धरून एका फ्रेमला चार मिनिटे लागली, तर ३,००० मिनिटे, म्हणजे सलग ५० तास संगणक अडकून पडतो. रेंडरआधी एखादा भाग हलवायला काही मिनिटे पुरतात. रेंडर झाल्यावर तोच भाग हलवला, तर तो जिथे जिथे दिसतो त्या सगळ्या फ्रेम नव्याने काढाव्या लागतात. चांगल्या मेलमधली जवळजवळ प्रत्येक अट या फरकातून आलेली असते.

समजा, कोल्हापूरच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याला डिसेंबरच्या शेती प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी अशी फीत हवी आहे आणि काम पुण्याच्या एका फ्रीलान्सरकडे आले आहे. फोनवर बोलणे झाल्यावर त्याच्या मेलची सुरुवात अशी होते :

“नमस्कार सर, काल फोनवर ठरल्याप्रमाणे मोनोब्लॉक पंपाच्या अ‍ॅनिमेशनचा प्रस्ताव पाठवत आहे. लांबी ३० सेकंद, चार शॉट, आकार १९२० × १०८०, आडवा. पहिला शॉट पूर्ण पंप फिरताना, ६ सेकंद. दुसरा केसिंग कापून आतला इम्पेलर आणि पाण्याची वाट, १० सेकंद. तिसरा सगळे भाग सुटे होऊन पुन्हा जुळताना, ८ सेकंद. चौथा नाव आणि लोगो, ६ सेकंद. पाण्याचा प्रवाह निळ्या रेषांनी दाखवला जाईल. खऱ्यासारखे उसळणारे पाणी यात धरलेले नाही.”

या परिच्छेदाला कामाची व्याप्ती म्हणतात, आणि त्यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. रेषांनी प्रवाह दाखवणे हे एका दिवसाचे काम असते. खरे पाणी दाखवायचे तर द्रवाचे सिम्युलेशन करावे लागते. त्यात कित्येक दिवस जातात आणि रेंडरचा वेळही वाढतो. ‘पाणी दाखवा’ या दोन शब्दांत दोन्ही अर्थ बसतात, म्हणून काय धरलेले नाही हेही लिहावे लागते. आकाराचेही तसेच. फोर-के आकारात चित्राचे बिंदू चौपट होतात आणि ५० तासांचे साधारण २०० तास होतात. मोबाइलसाठी उभी फीत हवी असेल, तर आडवी कापून चालत नाही. कडेचे भाग जातात आणि कॅमेरा नव्याने लावावा लागतो. स्टॉलवरचा पडदा कोणत्या मापाचा आहे, हे म्हणूनच पहिल्याच दिवशी विचारले जाते.

यानंतर वेळापत्रक येते. त्यात तारखा नसतात, कामाचे दिवस असतात, आणि मोजणी अ‍ॅडव्हान्स व डिझाइनची फाइल हातात पडल्यापासून सुरू होते. या कामात ते असे दिसेल : स्टोरीबोर्ड ३ दिवस, मॉडेल तयार करणे ४, अ‍ॅनिमॅटिक ४, रंग-धातू-प्रकाश ३, रेंडर ३, जोडणी आणि आवाज ३. एकूण २० दिवस.

स्टोरीबोर्ड म्हणजे प्रत्येक शॉटचे कच्चे चित्र. मॉडेलच्या टप्प्यात कारखान्याच्या डिझाइन विभागाकडून आलेली, ‘.step’ शेवट असलेली फाइल अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरला चालेल अशा जाळीदार पृष्ठभागात बदलली जाते. मग आत कधीच न दिसणारे स्क्रू आणि आटे काढून टाकतात. कडांना किंचित गोलाई देतात, कारण अगदी धारदार कडेवर प्रकाश चमकत नाही आणि वस्तू खोटी दिसते. अशी फाइल नसेल आणि फक्त कागदी ड्रॉइंग किंवा प्रत्यक्ष पंप असेल, तर मॉडेल शून्यापासून बांधावे लागते आणि चार दिवसांचे सहज आठ होतात. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे राखाडी, रंग नसलेली, पण पूर्ण लांबीची हलती फीत. कॅमेरा कसा फिरतो, कोणता भाग कधी सुटतो, हे सगळे तिथे ठरते. ती तयार व्हायला रेंडर लागत नाही, म्हणून बदल करायची खरी जागा तीच. रंग-प्रकाशाच्या टप्प्यात प्रत्येक शॉटचे एकेक स्थिर चित्र पक्के करून दाखवले जाते.

२० दिवसांत फ्रीलान्सरचे काम असते, ग्राहकाचे नसते. स्टोरीबोर्ड, अ‍ॅनिमॅटिक, स्थिर चित्रे आणि शेवटची फीत अशा चार ठिकाणी कारखान्याने पाहून उत्तर द्यायचे असते. प्रत्येकी दोन दिवस धरले तर आणखी आठ, म्हणजे एकूण २८. आठवड्याला सहा दिवस काम धरले, तरी जवळजवळ पाच आठवडे होतात. डिसेंबरच्या सुरुवातीला फीत हवी असेल, तर ऑक्टोबर संपायच्या आत फाइल आणि अ‍ॅडव्हान्स पोहोचले पाहिजेत. दिवाळी मध्ये येत असेल तर त्याही आधी. मेलमध्ये ग्राहकाचे दिवस मोजलेलेच नसतील, तर ते वेळापत्रक पाळले जाणार नाही हे वाचतानाच ओळखावे.

बदलांच्या फेऱ्या हा मेलमधला सर्वांत वादाचा भाग. ‘दोन रिव्हिजन मोफत’ एवढेच लिहिले तर फेरी म्हणजे काय हे ठरत नाही. मालक सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बदल सांगतात, दुपारी मार्केटिंगवाले दुसरा, संध्याकाळी डिझाइन इंजिनिअर पहिल्याच्या उलट तिसरा. ही एक फेरी की तीन? म्हणून मेलमध्ये व्याख्या असते :

“एक फेरी म्हणजे सर्वांच्या सूचना एकत्र करून, एकाच व्यक्तीकडून, एकाच मेलमध्ये आलेली यादी. स्टोरीबोर्डला १ फेरी, अ‍ॅनिमॅटिकला २, स्थिर चित्रांना २ आणि अंतिम फितीला १. अंतिम फेरीत अक्षरे, रंगाची हलकी छटा आणि आवाज एवढेच बदलता येईल. मंजूर झालेल्या टप्प्यात मागे जाऊन बदल हवा असल्यास त्याचा खर्च आधी कळवून, आपण हो म्हटल्यावरच काम करेन.”

फेऱ्यांची ही वाटणी सारखी नाही आणि ते मुद्दाम आहे. बदल स्वस्त असतो तिथे फेऱ्या जास्त आणि महाग होतो तिथे कमी. उलट ‘अमर्याद बदल’ लिहिलेल्या मेलमध्ये तो खर्च बहुधा किमतीत आधीच मिसळलेला असतो, नाहीतर काम अर्ध्यावर रेंगाळते.

ही अट नसती तर काय झाले असते, ते पाहता येते. रेंडर पूर्ण झाल्यावर कारखान्यातून कळते की पाठवलेली फाइल जुन्या मॉडेलची होती. नव्या पंपाच्या फ्लँजला चार नव्हे, सहा बोल्ट आहेत. सांगणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन बोल्ट आहेत. पण फ्लँज पहिल्या तिन्ही शॉटमध्ये दिसतो. त्यांचे २४ सेकंद म्हणजे ६०० फ्रेम, आणि प्रत्येकी चार मिनिटांनी ४० तास. शिवाय मॉडेल दुरुस्त करून शॉट पुन्हा जोडायचे दोन दिवस. याउलट पंपाचा निळा जरा गडद करायचा असेल, तर प्रत्येक भागाचा वेगळा मुखवटा रेंडरबरोबरच काढून ठेवलेला असतो आणि रंग जोडणीच्या टप्प्यात तासाभरात बदलतो. बदल लहान की मोठा, हे तो किती फ्रेममध्ये दिसतो आणि आकाराचा आहे की रंगाचा, यावर ठरते. म्हणूनच रेंडरआधीच्या मंजुरीच्या वेळी फाइलवरचा मॉडेल नंबर डिझाइन विभागाकडून लेखी तपासून घेतला जातो.

किंमत या सगळ्यातून आपोआप निघते. या उदाहरणात फ्रीलान्सर दिवसाचे ४,००० रुपये धरतो. २० दिवसांचे ८०,०००, रेंडरच्या यंत्राचे ५,००० आणि संगीताच्या परवान्याचे ५,००० मिळून ९०,००० रुपये. दिवसाचा दर मेलमध्ये उघड लिहिलेला असल्याने वाढीव कामाची किंमतही भांडणाविना काढता येते. फ्लँजच्या दुरुस्तीचे दोन दिवस म्हणजे ८,००० आणि ७५० पैकी ६०० फ्रेमच्या रेंडरचे ४,०००, असे १२,००० रुपये होतात.

पैसे टप्प्यांशी बांधलेले असतात : काम सुरू करताना ४० टक्के म्हणजे ३६,०००, अ‍ॅनिमॅटिक मंजूर झाल्यावर २७,००० आणि अंतिम फीत देण्याआधी उरलेले २७,०००. मधला हप्ता रेंडरच्या आधी येतो, कारण त्यानंतर यंत्राचा खर्च सुरू होतो. शेवटची फीत आधी वॉटरमार्कसह दाखवली जाते. कर वेगळे लिहावे लागतात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी असेल तर १८ टक्क्यांनी १६,२०० रुपये वाढतात. कारखान्याने व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के टीडीएस कापला तर ९,००० रुपये कमी हातात पडतात. मात्र ते फ्रीलान्सरच्या नावावर करखात्यात जमा होतात.

शेवटी हक्कांचा परिच्छेद येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करून घेणारा असतो. पण ज्या प्रोजेक्ट फाइलमधून ती फीत निघाली ती वेगळी वस्तू आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या स्टुडिओकडून तीच फीत बदलून घ्यायची असेल, तर ती फाइल लागते. ती किमतीत धरली आहे की नाही, हे मेलमध्ये एका ओळीत स्पष्ट केलेले असते. त्याखाली प्रस्ताव १५ दिवस लागू राहील अशी मुदत असते, कारण त्यानंतर फ्रीलान्सरचे दिवस दुसऱ्या कामाला गेलेले असू शकतात.

या मेलला कारखान्याने ‘मान्य आहे, काम सुरू करा’ असे उत्तर पाठवले की वेगळा स्टॅम्प पेपर लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे प्रस्ताव आणि स्वीकृती इलेक्ट्रॉनिक रूपात झाली, एवढ्याच कारणाने करार निष्फळ ठरत नाही.