ओळखीचा चेहरा आणि नवी क्रीम: अकोटमधल्या छोट्या ब्रँडसाठी

अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीने 2022 साली ब्युटिशियनकडून चेहरा उजळवणारी क्रीम घेतली. चेहरा उजळलेला पाहून आई आणि बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. फेब्रुवारी 2023 मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली.

या घटनेत टीव्हीवरची जाहिरात नव्हती आणि सिनेतारकाही नव्हती. ओळखीच्या बाईने दिली म्हणून क्रीम घरात आली. काही हजार फॉलोअर असलेल्या मायक्रो इन्फ्लुएन्सरचं बळही याच ओळखीत असतं. अकोटात नवा स्किनकेअर ब्रँड काढणाऱ्याने ही ताकद वापरण्याआधी चार गैरसमज दूर केलेले बरे.

गैरसमज: घरगुती, नैसर्गिक आहे, परवाना नंतर बघू

विक्रीसाठी बनवलेली क्रीम, साबण, फेसवॉश ही सगळी सौंदर्यप्रसाधनं आहेत आणि त्यांना कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 लागू होतात. स्वयंपाकघरात बनवून डबीत भरली तरी उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. स्वतःचा कारखाना परवडत नसेल, तर परवानाधारक उत्पादकाकडून माल बनवून घेऊन आपल्या नावाने विकता येतो. बरेच छोटे ब्रँड तसंच करतात. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि वापराची मुदत असायला हवी. पारा तर मुद्दाम घालताच येत नाही. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता चुकून राहिलेला अंशही दहा लाखांत एक भाग, यापेक्षा जास्त चालत नाही.

हे कागद इन्फ्लुएन्सरलाही दाखवा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकासोबत शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची खातरजमा केल्याचं दाखवता आलं, तरच त्याची सुटका होते. परवाना आणि तपासणी अहवाल न मागता लगेच ‘हो’ म्हणणारी व्यक्ती मी तरी घेणार नाही. जिला स्वतःच्या नावाची काळजी नाही, ती आपल्या ब्रँडचं नाव काय जपणार?

गैरसमज: फॉलोअर जास्त, तर विक्री जास्त

समजा, अकोटमधल्या एका मुलाचे 60 हजार फॉलोअर आहेत. नरनाळा किल्ल्याची त्याची एक रील खूप चालली आणि त्यातूनच बहुतेक लोक आले. ते पुण्याचे असतील, भोपाळचे असतील आणि त्यातले बरेचसे ट्रेकिंगवाले असतील. दुसरीकडे अंजनगाव सुर्जीतली एखादी ताई पार्लर चालवते. तिचे 4 हजार फॉलोअर आहेत, पण ते अंजनगाव, अकोट, तेल्हारा, परतवाडा इथल्या बायका आणि कॉलेजच्या मुली आहेत. आपली क्रीम याच पट्ट्यातल्या दुकानांत मिळणार असेल, तर दुसरीचं काम मोलाचं.

हे अंदाजाने ठरवायचं नसतं. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यात इनसाइट्स असतात. तिथे प्रेक्षक कोणत्या शहरांतले, कोणत्या वयाचे, बायका किती आणि पुरुष किती, हे दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट मागू नका, कारण तो बदलता येतो. पान उघडून खाली सरकवतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. मग शेवटच्या दहा-बारा पोस्टखालच्या कमेंट वाचा. नुसते हात जोडलेले इमोजी आणि ‘नाइस’ असेल, तर सावध व्हा. ‘हे अकोटले कुठी भेटते?’, ‘तेलकट चेहऱ्यावर चालते का?’ असे प्रश्न असतील आणि त्यांना उत्तरंही दिलेली असतील, तर ते खातं जिवंत आहे.

गैरसमज: फक्त फुकट डबी दिली, म्हणजे ती जाहिरात नाही

ती जाहिरातच आहे. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून 2021 पासून लागू आहेत. त्यांत पैशाइतकीच फुकट वस्तूही जाहीर करावी लागते. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलं आहे. रील मराठीत असेल, तर ‘जाहिरात’ हा शब्द मराठीत आणि ठळक दिसू द्या. हॅशटॅगच्या गर्दीत तो लपवू नका. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत तो किमान 3 सेकंद दिसायला हवा.

अनेकांना वाटतं की असं लिहिल्याने विश्वास उडतो. पण गाव लहान आहे. डबी फुकट मिळाली होती, हे आठवडाभरात कळतंच. तेव्हा उडालेला विश्वास परत येत नाही.

गैरसमज: थोडक्या पैशांत काहीच होत नाही, किंवा एका रीलमध्ये सगळं होतं

समजा, हातात 15,000 रुपये आहेत. 50 ग्रॅमची मॉइश्चरायझरची डबी 249 रुपयांना विकायची आहे आणि ती बनवायला व पॅक करायला 90 रुपये लागतात. सहा जणी निवडल्या आणि प्रत्येकीला दोन डब्या दिल्या, तर 1,080 रुपये झाले. कुरिअरचे 420. प्रत्येकीला 1,500 मानधन, म्हणजे 9,000. उरलेले 4,500 आत्ता खर्चायचे नाहीत. सहापैकी जी रील लोकांनी खरोखर शेवटपर्यंत पाहिली आणि शेअर केली, तीच तिच्या परवानगीने पार्टनरशिप अॅड म्हणून फक्त अकोट आणि आसपासच्या तालुक्यांत चालवायची.

आता हिशेब पाहा. ताईने सांगितलेल्या सवलतीच्या कोडवर 10 टक्के सूट दिली, तर हातात 224 रुपये येतात. त्यातून 90 डबीचे आणि समजा 60 घरपोच पाठवण्याचे गेले, की उरतात 74. म्हणजे 15,000 वसूल व्हायला 203 डब्या खपायला हव्यात. लहान खात्यांच्या सहा रीलमधून पहिल्याच महिन्यात एवढ्या खपतील असं धरू नका. पहिल्या फेरीतून हवेत ते खरे प्रश्न, दाखवता येतील असे व्हिडिओ आणि दुसरी डबी मागणारं गिऱ्हाईक. दुसऱ्या डबीवर मानधन द्यावं लागत नाही.

प्रत्येकीला वेगळा कोड द्या. पण अकोटसारख्या गावात पुष्कळ बायका कोड टाकण्यापेक्षा जनरल स्टोअर्समध्ये किंवा मेडिकलवर जाऊन डबी मागतात. म्हणून दुकानदाराकडे एक वही ठेवा आणि ‘कोणाच्या व्हिडिओत पाहिली?’ एवढंच लिहायला सांगा. नाहीतर सगळ्यात चांगलं काम करणारी ताई तुमच्या आकड्यांत शून्यावर दिसेल.

घाई नडते ती व्हिडिओ करून घेताना. डबी पोचली की दुसऱ्या दिवशी ‘माझी त्वचा बदलली’ असं बोलून घेतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबायला सांगा. लाल झालं, खाज आली, तर तिने व्हिडिओ करायचा नाही आणि तुम्ही तिच्याकडे तक्रार करायची नाही. दिलेलं मानधन तिचंच. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून पहिल्या व्हिडिओत फक्त पोत, वास आणि वऱ्हाडातल्या उन्हात चेहऱ्याला कसं वाटतं एवढंच सांगावं; अनुभव महिन्यानंतर. चेहऱ्यावर फिल्टर नको. वांग जातो, पुरळ बरं होतं, गोरेपणा येतो, असं तिने प्रेमाने म्हटलं तरी ते कापायला सांगा. रोग बरा करण्याचा दावा सौंदर्यप्रसाधनाला करता येत नाही.

हे सगळं व्हॉट्सअॅपवर एका संदेशात लिहून तिचा होकार घ्या: किती व्हिडिओ, कधी, मानधन किती आणि तो व्हिडिओ तुम्ही किती महिने वापरणार. आणि त्या संदेशाच्या पहिल्या ओळीत परवाना क्रमांक लिहा. तो लिहिता येत नसेल, तर तूर्तास एकाही ताईला डबी पाठवू नका.