बुधवारी फोटो बदलला, शनिवारी हिशेब बिघडला

कोल्हापूरच्या एक ताई कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकतात. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. "दादा, पहिल्या आठवड्यात एक ऑर्डर सव्वाशे रुपयांना पडत होती, आता सव्वातीनशेच्या वर गेली. फेसबुकनं काही केलं का हो?"

"तुम्ही मध्ये काही बदललंत का?"

"फार काही नाही. बुधवारी फोटो बदलला, गुरुवारी वयोगट. शुक्रवारी रोजचं बजेट पाचशेचं हजार केलं आणि शनिवारी एक नवी जाहिरात टाकली."

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा फोन असाच असतो. दराकडे सगळे बघतात, पण त्याच पडद्यावरचा Delivery हा रकाना कुणी वाचत नाही. ताईंच्या पुण्याच्या अ‍ॅड सेटसमोर तिथं Learning लिहिलं होतं. शेजारी Last significant edit नावाचा रकाना लावून घेतला, तर त्यात शनिवारची तारीख. म्हणजे मशीनच्या लेखी ही जाहिरात शनिवारी जन्माला आली होती.

जाहिरात सुरू झाली की कोणाला ती दाखवल्यावर खरेदी होते हे मेटाच्या यंत्रणेला ठाऊक नसतं. ती निरनिराळ्या लोकांना, वेगवेगळ्या वेळी आणि जागी दाखवून बघते. प्रत्येक खरेदीतून तिला थोडं कळत जातं. मेटाच्या सांगण्यानुसार, शेवटच्या मोठ्या बदलानंतर आठवड्याभरात एका अ‍ॅड सेटला साधारण 50 खरेदी मिळाल्या की अंदाज बसतो आणि Learning जाऊन Active दिसू लागतं. तोवर दर वर-खाली होणार, आणि बहुधा जास्तच पडणार.

फोटो, मजकूर, वयोगट किंवा शहर बदललं, त्याच अ‍ॅड सेटमध्ये नवी जाहिरात घातली, की ही मोजणी पुन्हा सुरू होते. अ‍ॅड सेट सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून परत चालू केला तरी तेच. बजेटचं मात्र प्रमाणावर आहे. किरकोळ वाढीनं सहसा काही होत नाही, दुप्पट केलं तर होऊ शकतं. शिवाय फोटो बदलला की जाहिरात पुन्हा तपासणीला जाते. तोवर Delivery मध्ये In review दिसतं आणि ती चालत नाही. ताईंनी चार दिवसांत चारदा हात लावला होता. शनिवार-रविवारी 2,000 रुपये गेले आणि 6 ऑर्डर आल्या. त्या 333 रुपयांच्या दरावरून फोटो वाईट की वयोगट चुकीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्याहून महत्त्वाचं मला पहिल्या आठवड्यात दिसलं. तेव्हा रोजच्या 500 रुपयांत सरासरी 4 ऑर्डर येत होत्या, म्हणजे सात दिवसांत 28. पन्नाशी गाठलीच नव्हती, त्यामुळे ज्या सव्वाशेशी त्या तुलना करत होत्या तो दरही अजून बसलेला नव्हता. रोज सरासरी 4 येतात तिथं काहीही न बदलता एखाद्या दिवशी 2 येतात, एखाद्या दिवशी 6. पहिल्या दिवशी दर 250 दिसतो, दुसऱ्या दिवशी 83. त्यात खरेदी अनेकदा जाहिरात बघितल्यावर दोन-तीन दिवसांनी होते. म्हणूनच एकट्या कालच्या दरावरून काही ठरवता येत नाही.

मुंबईच्या अ‍ॅड सेटला ताईंनी हातही लावला नव्हता. त्याचंही बजेट 500 होतं, पण तिथं Learning limited आलं होतं. ही शिक्षा नव्हे. जाहिरात चालू असते, फक्त या गतीनं पन्नास होणार नाहीत असं यंत्रणा सांगते. गणित सोपं आहे: 50 गुणिले सव्वाशे म्हणजे 6,250, ते सात दिवसांत वाटले तर रोज जवळपास 900 रुपये लागतात. पाचशेत ते बसत नाही.

म्हणून दोन्ही शहरं एकाच अ‍ॅड सेटमध्ये घेतली आणि रोजचं बजेट एकूण 1,000 ठेवलं. फोटो, वयोगट, जे बदलायचं ते एकाच संध्याकाळी बदलून घेतलं. नवा फोटो आजमावायचा झाला तर वेगळा अ‍ॅड सेट करायचा, जुन्यात घालायचा नाही, असं ठरलं. किंमत चुकीची छापली असती तर अर्थात लगेच दुरुस्त केलीच असती, शिकणं मोडलं तरी.

तिसऱ्या दिवशी दर 190 झाला. ताईंचा फोन आला, "बदलू का?" मी नको म्हटलं. त्या थांबल्या, आणि हे त्यांना सोपं गेलं नसणार, कारण पैसे त्यांच्याच गल्ल्यातून जात होते. आठव्या दिवशी Active आलं. आठवड्याचा दर 138 पडला होता.

Active झालं म्हणजे जाहिरात चांगली, असं मात्र नाही. दर आता फारसा उसळत नाही, एवढंच त्यातून कळतं. हाच दर 240 वर स्थिरावला असता, तर दोष फोटोत, किमतीत किंवा डिलिव्हरी चार्जमध्ये शोधावा लागला असता, आणि तेव्हा शोधता आलाही असता. ताईंच्या अर्धा किलोच्या पाकिटावर 210 रुपये सुटतात. 138 मध्ये त्यांचं भागतं.