लग्नाआधीची चिठ्ठी

दुसऱ्या लग्नाची बातमी मुलांना बऱ्याचदा एखादी आत्या किंवा काकू देते, "आता तुम्हाला नवी आई येणार." मुलांना हे वाक्य जड जातं. आई वारलेली असो की वेगळी राहत असो, या नव्या बाईशी गोडीनं वागलं तर आईशी बेइमानी होईल, असं मुलांना वाटतं. सावत्र कुटुंबांवर दीर्घकाळ काम केलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाउ यांनी या ओढाताणीबद्दल विस्तारानं लिहिलं आहे. नव्या बाईनं मुलांना चिठ्ठी लिहायची, ती ही ओढाताण सैल करण्यासाठी.

समजा, आई काही वर्षांपूर्वी गेली, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. लग्न विशेष विवाह कायद्यानुसार, म्हणजे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचंच आहे. चिठ्ठी त्या दिवसांत द्यावी. लग्नाच्या हॉलमध्ये माइकवर वाचून दाखवणं टाळावं, कारण तिथे मुलांना रडायचीसुद्धा मुभा नसते. दोघांना वेगळी चिठ्ठी हवी. धाकट्याला बाबांनी वाचून दाखवावी. मुलीची अशी असू शकेल:

"लग्नानंतर मी तुमच्या घरी राहायला येणार आहे. आईचा फोटो आहे तिथेच राहील. तिच्याबद्दल माझ्यासमोर बोललीस तर मला आवडेल. तुझी खोली तुझीच. शाळेतून आणायला पूर्वीसारखे आजोबाच येतील. मला मावशी म्हण, नावानं हाक मार, काय ते तू ठरव, घाई नाही. तुझा डबा कसा भरायचा हे मला माहीत नाही, तेवढं शिकव."

यात प्रेमाची ग्वाही नाही, हे मुद्दाम. ज्या मुलीला जेमतेम ओळखतो, तिला 'पोटच्या पोरीसारखी' म्हटलेलं तिला खोटं वाटतं. त्यापेक्षा काय बदलणार आणि काय नाही, हे कळलेलं तिला हवं असतं. त्यामुळे पाळता येईल तेवढंच लिहावं. फोटो महिन्याभरात माळ्यावर गेला, तर चिठ्ठी न दिलेलीच बरी होती.

आई हयात असेल तर चिठ्ठी तिच्याही हाती पडेल असं धरून चालावं आणि तिच्याविषयी उणा शब्द लिहू नये. अभ्यास, शिस्त यांचे नियमही त्यात नकोत. सुरुवातीला ते बाबांनीच सांभाळावेत, असं पेपरनाउही सुचवतात. मुलीनं चिठ्ठी वाचून काहीच न बोलता दप्तरात टाकली, तर उत्तर मागू नये.

'आता मीच तुझी आई' हे लिहिणं कायद्यालाही धरून नाही. नुसत्या लग्नानं सावत्र आई मुलांची कायदेशीर आई होत नाही. त्यासाठी रीतसर दत्तक घ्यावं लागतं, आणि सावत्र पालकांसाठी २०२२ च्या केंद्रीय दत्तक नियमावलीत तशी तरतूद आहे.