अण्णांच्या कानाचं मशीन आणि तीन कोटेशनं

अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि चिपळूणला राहतात. त्यांचं एकच गाऱ्हाणं असायचं, "ऐकू येतं रे, पण काय बोललात ते कळत नाही." ऑडिओग्राममध्ये कारण दिसलं. जाड, खालच्या पट्टीचे आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येत होते, पण स, श, फ अशा बारीक अक्षरांच्या पट्टीत दोन्ही कान बरेच उतरलेले होते. तपासणीनंतर दोन्ही कानांसाठी तीन कोटेशनं हातात आली : ५२ हजार, एक लाख २० हजार आणि अडीच लाख.

इतका फरक कशाचा, हे मी ऑडिओलॉजिस्टबाईंना खोदून विचारलं. शांत खोलीत समोरच्या एका माणसाचं बोलणं तिन्ही मशीन नीट ऐकवतात, फक्त ती कानाच्या तपासणीप्रमाणे बसवलेली हवीत. वरचे पैसे मुख्यतः गोंगाटासाठी मोजायचे असतात. महाग मशीन समोरचा आवाज निवडतं, मागचा कलकलाट दाबतं आणि जागा बदलली की स्वतःच जुळवून घेतं. अनेकदा एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मॉडेलचा सांगाडा सारखाच असतो, आतल्या सोयी तेवढ्या कमी-जास्त उघडलेल्या असतात. आणि कानामागच्या नसेचीच शब्द ओळखण्याची ताकद कमी झाली असेल, तर कितीही महाग मशीन ती परत आणत नाही. म्हणून तपासणीत नुसते 'टूं' आवाज नकोत, शब्द ऐकवूनही चाचणी करून घ्यावी.

मधलं मशीन दोन प्रकारांत मिळत होतं. बदलायच्या सेलचं एक लाख २० हजारांना, चार्जिंगचं एक लाख ३८ हजारांना. तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबरचा सेल साधारण सहा दिवस चालतो. दोन कानांचे मिळून वर्षाला सुमारे १२० सेल, म्हणजे सहाची वीस पाकिटं. आम्हाला पाकीट अडीचशेला पडत होतं, म्हणजे वर्षाला पाच हजार आणि पाच वर्षांत २५ हजार. एकूण एक लाख ४५ हजार. चार्जिंगवाल्यात हा खर्च नाही, पण आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी दमते. वॉरंटीनंतर ती बदलायचा दर कानामागे सहा हजार सांगितला, म्हणजे एकूण दीड लाख. पैशांत फरक जवळजवळ नव्हताच. निकाल अण्णांच्या बोटांनी दिला. शर्टाच्या बटणापेक्षा लहान सेल त्यांच्या थरथरत्या बोटांतून चारदा खाली पडला. रात्री डबीत ठेवायचं मशीन मात्र त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. वीज जाते, हे खरं. पण तीन-चार तासांचं चार्जिंग दिवसभर पुरतं.

खरी परीक्षा ट्रायलमध्ये झाली. दवाखाना तीन दिवस देत होता. आम्ही अनामत ठेवून तिन्ही पातळ्यांसाठी एकेक आठवडा मागून घेतला. पहिले तीन-चार दिवस नव्या कानाला भांड्यांचा आवाजही नकोसा होतो. तेवढ्यावर मशीन परत केलं, तर काहीच कळत नाही. पहिल्या आठवड्यात आवाजाची जुळवणी करायला पुन्हा जावंच लागतं. अण्णांना किंमत सांगितली नव्हती. ताई रोज वहीत लिहायची : टीव्हीचा आवाज ३८वरून २२वर आला का, फोनवर नाव पुन्हा विचारलं का, संध्याकाळी ओट्यावर चार जण बोलत असताना अण्णा मध्येच गप्प झाले का. स्वस्त मशीन घरात उत्तम चाललं, ओट्यावर मात्र ते गप्प झाले. मधलं तिथेही चाललं. सर्वांत महाग मशीन लग्नाच्या पंगतीत थोडं सरस ठरलं, पण अण्णा पंगतीला वर्षातून तीनदा जातात. त्या तीन दिवसांसाठी आणखी लाखभर रुपये घालायचं आम्ही टाळलं. ज्यांचे आई-वडील घराबाहेर फारसे पडत नाहीत, त्यांना ५२ हजारांचंही पुरेल.

पुण्यात तेच मशीन आठ हजारांनी स्वस्त मिळत होतं. तरीही चिपळूणमध्येच घेतलं, कारण मशीन बंद पडतं ते बहुतेक वेळा कानाच्या मळामुळे किंवा दमटपणामुळे. कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास. दरवेळी अण्णांना पुण्याला कोण नेणार? पावतीवर चार गोष्टी लिहून घेतल्या : वॉरंटी किती वर्षांची आणि तीत कानातला स्पीकर येतो का, जुळवणीचे पैसे किती वेळांनंतर लागतील, दुरुस्तीच्या काळात दुसरं मशीन देणार का, आणि परत केल्यास अनामतीतून किती कापणार.

दुसऱ्याच महिन्यात उजव्या कानाचं मशीन मुकं झालं. ताईने टोकाची मळाची पांढरी जाळी काढली, डब्यातली नवी बसवली आणि मशीन पुन्हा सुरू झालं. आता सहा जाळ्यांचं पाकीट देवघराच्या फळीवर असतं आणि रात्री मशीन वाळवायच्या डबीतल्या गोळ्यांचा रंग बदलला का, ते अण्णा स्वतः बघतात.